गाऊनच्या गळ्यातली पट्टी

डाग काढायला मी कधी भ्यालो नाही, असं मी आयुष्यभर सांगत आलो. ते खोटं आहे. एका गुरुवारी दुपारी मी इतका भ्यालो होतो की हातातलं काम तसंच थांबलं, आणि ते माझ्याशिवाय अजून एका माणसाने पाहिलं.

मी तिसरीतून शाळा सोडली. मराठी वाचता येतं, अडखळत का होईना, सहीही करतो. इंग्रजी मात्र मला कधीच जमलं नाही, आणि जमत नाही हे मी कुणाला कळूही दिलं नाही. नाशकात शरणपूर रोडजवळच्या एका लाँड्रीत मी पंचवीस वर्षं काढली, त्यातली निम्मी डागांच्या टेबलापाशी. पानाचा डाग, हळदीचा, शाईचा, गंजाचा, आंब्याच्या चिकाचा. कापड बोटांत धरलं की ते काय आहे ते मला कळायचं. कळायचं म्हणजे, तसं मी म्हणायचो.

सत्तर सालानंतर परदेशी कपडे यायला लागले. कुणाचा भाऊ आखातात, कुणाची बहीण विलायतेत. त्या कपड्यांना आतल्या बाजूला, गळ्याशी नाहीतर शिवणीत, एक पांढरी पट्टी शिवलेली असायची. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरं आणि चित्रं. एक टोपलं, एक त्रिकोण, एक इस्त्री, एक गोल. मला वाटायचं कंपनीची शोभा आहे, आपल्याकडे विड्यांच्या कट्ट्यावर वाघ असतो तशी.

ती पट्टी माझ्या मात्र फार उपयोगाची होती. लाँड्रीत प्रत्येक कपड्यावर गिऱ्हाइकाची खूण घालावी लागते. बिब्ब्याला सुई टोचायची, तिच्या टोकाने कपड्यावर बारीक खूण काढायची, वरून चुना लावायचा. मग ती खूण कापड फाटेपर्यंत जात नाही. सुती धोतराच्या काठाला हे ठीक. पण गुळगुळीत विलायती कापडावर खूण कुठे घालायची? मी डोकं चालवलं. ती गळ्यातली पट्टी सुती असते, वरून दिसतही नाही. तिथेच खूण घालायची. शेठ खूष झाले. म्हणाले, "डोकं आहे तुला." मी ते वाक्य कितीतरी दिवस मनात घोळवलं.

त्याआधी एकदा एका बाईंच्या झुळझुळीत ब्लाऊजवर नखपॉलिश सांडलं होतं. नखपॉलिशला आमच्याकडे एकच औषध, ॲसिटोन. मी कापसाचा बोळा भिजवला, लावला, आणि बोळ्याबरोबर कापडाचा रुपयाएवढा तुकडा चिकटून वर आला. राळेसारखा. भोक पडलं. मी बाईंना सांगितलं, "कापडच कच्चं होतं, बाई. फॉरेनचं कापड असंच निघतं." त्यांनी मान्य केलं. मीही तसंच मानून टाकलं.

त्या गुरुवारच्या आधी, सोमवारी, शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. ख्रिस्ती. आमच्याच रस्त्यावर, चर्चच्या मागे राहायच्या. नवरा वारलेला, एकच मुलगी, तिचं लग्न शनिवारी. मुलीच्या मावशीने लंडनहून लग्नाचा गाऊन पाठवला होता. पेटीत दुमडून आल्यामुळे सुरकुत्या पडलेल्या. फक्त इस्त्री करून हवा होता.

बाईंनी तो काउंटरवर उघडला तेव्हा दुकानातले सगळे मान वळवून पाहायला लागले. पांढरा, सायीसारखा, आणि घडी हलली की आत उजेड फिरल्यासारखा व्हायचा. बाई म्हणाल्या, "भाऊ, जपून हं. दुसरा आणायला ना वेळ आहे ना ऐपत."

"बाई, हे हात पाहा," मी म्हणालो. "या हातांनी काही बिघडलं नाही आजवर."

मी आत नेऊन गळ्यातली पट्टी बाहेर काढली, बिब्ब्याची खूण घातली, चुना लावला. या खेपेला सुई जरा जास्त भरली होती. खूण पसरली. पट्टीचा मधला भाग तपकिरी झाला. मी म्हटलं, आत आहे, कोण पाहतंय.

इस्त्रीला आमच्याकडे चाचा होता. जुन्या नाशकातला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, सही न येणारा, अंगठ्याचा माणूस. इथे यायच्या आधी देवळालीला लष्कराच्या कॅम्पात साहेब लोकांचे कपडे इस्त्री करायचा. त्याने गाऊन घेतला, पट्टी उलटून पाहिली, आणि इस्त्री गार व्हायला बाजूला ठेवली.

"चाचा, झोप आली काय?" मी म्हणालो. "इस्त्री गरम आहे, कर की."

"तू तेरा काम कर," चाचा म्हणाला. त्याने वर पातळ मलमल टाकली आणि कोमट इस्त्री अशी फिरवली जशी तान्ह्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवतात. मी हसलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "म्हातारा इस्त्रीला पण भितो."

गाऊन मंगळवारी गेला. गुरुवारी दुपारी बाई परत आल्या. पदर खांद्यावरून घसरलेला, पायात दोन वेगळ्या चपला. हातात चादरीत गुंडाळलेला गाऊन. मुलगी तो घालून पाहत होती, मैत्रीण शेजारी बसून नखं रंगवत होती, बाटली कलंडली. समोरच्या घेरावर, गुडघ्याच्या वर, करंगळीच्या नखाएवढा लालभडक डाग. वाळलेला.

"आम्ही काही लावलं नाही," बाई म्हणाल्या. "पाणी पण नाही. तुम्ही म्हणता ना, घरी काही लावू नका. भाऊ, निघेल ना?"

"निघेल," मी म्हणालो. जीभ आधी बोलून गेली. "संध्याकाळी या."

त्या गेल्या. शेठ सप्तशृंगीला गेले होते, दुकान माझ्या जिवावर. मी गाऊन टेबलावर पसरला, डागाखाली पांढरं फडकं घातलं, ॲसिटोनच्या बाटलीचं बूच काढलं, बोळा भिजवला. तो वास नाकात गेला आणि ते ब्लाऊज आठवलं. राळेसारखं वर आलेलं कापड. हा गाऊनही तसाच चमकत होता. बोटाला तसाच थंड लागत होता.

बोळा डागाच्या वर होता. वीतभर अंतर. माझा हात खाली जाईना आणि वरही येईना.

"ठैर," चाचा पाठीमागून म्हणाला. "पट्टी देखी क्या?"

"पाहिली."

"क्या है पट्टी पे?"

मी बोळ्याकडेच पाहत राहिलो. चाचा पुढे आला आणि त्याने माझ्या हातातला बोळा काढून घेतला. एरवी मी त्याला धक्का दिला असता. गळ्यातली पट्टी त्याने बाहेर काढली. तपकिरी डाग. कडेला अर्धा त्रिकोण, त्याच्यावर फुली, एक गोल, आणि कोपऱ्यात इस्त्रीचं चित्र. इस्त्रीच्या पोटात एक टिपका.

"ये देख. एक टिपका. तीन टिपके म्हणजे कडक गरम, सुती. दोन टिपके म्हणजे मध्यम, लोकरीला. एक टिपका म्हणजे कोमट. कॅम्पात मेमसाबने शिकवलं होतं. मुझे अक्षर नहीं आता, टिपके गिनता हूँ."

"म्हणजे काय कापड आहे हे?"

"ते मला काय माहीत? टिपका एवढंच सांगतो की ये कपडा गरमी नहीं सहता. ॲसिटोन सहेगा की नाही, ते अक्षरात लिहिलेलं असणार." त्याने तपकिरी डागावर अंगठा ठेवला. "और अक्षर तू खा गया."

मी आयुष्यात कुणाचं असं ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी ऐकून घेतलं. शनिवारी लग्न. एक चुकीचा थेंब, आणि समोरच्या घेराला भोक. झाकता येणार नाही अशा जागी. मी डोळे मिटले तर मला ती मुलगी दिसेना, मला तिची आई दिसायची, दोन वेगळ्या चपला घातलेली.

"मग न करता परत देऊ?" मी विचारलं.

"लाल डाग घेऊन पोरीला चर्चमध्ये उभी करणार?" चाचा म्हणाला. "जा. बाईकडे जा. ती मास्तरीण आहे, तिला वाचता येतं. आणि तिला खरं सांग."

खरं सांग, हे त्याने इतकं सहज म्हटलं. मला ते सांगणं गाऊन फाडण्याइतकं अवघड वाटत होतं.

मी गाऊन चादरीत गुंडाळला. पिशवीत ॲसिटोन, ड्रायक्लीनचं पाणी म्हणतो ते पेट्रोलसारखं उडून जाणारं औषध, आणि मागच्या फळीवर पडून असलेली अजून एक बाटली घेतली. तिला केळ्यासारखा वास यायचा. मुंबईहून माल देणारा तिला बनाना ऑइल म्हणायचा आणि सांगायचा, ॲसिटोन चालत नाही तिथे हे. मी ती कधी उघडली नव्हती. मला ॲसिटोन चालत नाही अशी जागाच माहीत नव्हती.

चर्चपर्यंत पाच मिनिटांचा रस्ता. मी तो असा चाललो जसं दोन्ही हातांवर कुणाचं आजारी मूल घेतलंय.

बाईंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, आणि भिंतीला हात लावला. "गेला का?"

"नाही बाई. अजून हात लावला नाही."

"मग?"

आत लग्नाची गडबड होती. कुठेतरी मुली हसत होत्या. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो. म्हणालो, "बाई, मला इंग्रजी वाचता येत नाही. ही पट्टी मला वाचता येत नाही. आणि जी वाचायची ती मीच बिब्ब्याने बुजवली. सोमवारी. माझी खूण घालायला."

त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला. मला वाटलं आता दार लावतील. मला तेच बरं वाटलं असतं.

"आत या," त्या म्हणाल्या.

जेवणाच्या टेबलावर त्यांनी गाऊन घेतला, चष्मा लावला, वर मुलांचे पेपर तपासायचं भिंग धरलं. मी समोर उभा. त्या पुटपुटत वाचत होत्या. "त्रिकोणावर फुली. म्हणजे ब्लीच करायचं नाही. गोलात पी आहे, म्हणजे ड्रायक्लीन चालेल. इस्त्री कोमट." मग भिंग तपकिरी जागेवर आलं आणि थांबलं. पट्टी त्यांनी खिडकीशी धरली, उलटी केली, पुन्हा धरली. "कापड कशाचं आहे ते इथे होतं. शंभर टक्के, एवढं दिसतंय. पुढचं गेलं."

शंभर टक्के काय, तेच गेलं होतं.

"बाई," मी म्हणालो, "एक उपाय आहे. आतल्या शिवणीत कापड जास्तीचं सोडलेलं असतं. त्यातले चार धागे मला काढू द्या. त्याच्यावर आधी पाहतो."

"कात्री लावायची? याला?"

"वरून दिसणार नाही."

"सोमवारी पण तुम्ही असंच म्हणाला होता."

मी मान खाली घातली. त्यांनी स्वयंपाकघरातून छोटी कात्री आणली, पण माझ्या हातात दिली नाही. घेर उलटा केला, शिवण शोधली. "कुठे ते दाखवा. मी कापते." कात्रीचं टोक कापडावर टेकवून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. कटकन आवाज झाला आणि सुटलेले चार पांढरे धागे त्यांच्या तळहातावर आले.

मी म्हणालो, "स्टो चालू असेल तर बंद करा, खिडक्या उघडा. हे पेट घेतं." त्यांनी आतला स्टो बंद केला. मुलींपैकी कुणी तरी ओरडलं, "चहा अर्धा राहिला, आंटी!" बाई म्हणाल्या, "राहू दे."

चहाच्या बशीत मी दोन धागे ठेवले. वर ॲसिटोनचे दोन थेंब. आम्ही दोघं वाकून पाहत होतो. आधी काही झालं नाही. मग धाग्यांची कड गेली. मग धागे एकमेकांत मिसळले. मी काडीने ढवळलं तर काडीला चिकट तार आली, गोंदासारखी. बशीत धागा असा राहिलाच नाही.

बाईंनी तोंडावर हात ठेवला.

"बोळा भिजवला होता मी," मी म्हणालो. ते सांगायची काही गरज नव्हती. "वीतभर वर होता."

"ॲसिटेट असणार, नकली रेशीम," त्या हळूच म्हणाल्या. "तेच लिहिलेलं असणार तिथे."

दारात मुलगी येऊन उभी राहिली. डोक्यात गजऱ्याच्या पिना, एका हाताची नखं लाल, दुसऱ्याची कोरी. "आई, काय झालं?"

"काही नाही. आत जा."

"माझा ड्रेस आहे ना तो? निघणार ना डाग?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सोमवारी मी ज्या तोऱ्यात बोललो होतो तो तोरा मला सापडेना. मी म्हणालो, "प्रयत्न करतो, पोरी. वचन नाही देत." ती आत गेली. नंतर आतून हसू आलं नाही.

दुसऱ्या बशीत उरलेले दोन धागे आणि केळ्याच्या वासाचं तेल. मी घड्याळाकडे पाहायला सांगितलं. पाच मिनिटं. दहा. धागे जसेच्या तसे. बाहेर काढून ओढले, तुटले नाहीत, चिकटले नाहीत. तरी मी अजून पाच मिनिटं थांबलो. एरवी मी कशासाठीही थांबत नाही.

मग गाऊन उलटा पसरला, डाग खाली, त्याच्याखाली जुन्या पांढऱ्या चादरीच्या चार घड्या. पाठीमागून केळतेलाचा बोळा नुसता टेकवायचा, उचलायचा. घासायचं नाही, चमकत्या कापडाला घासलं की त्या जागेची चमक उतरते. पहिल्यांदा टेकवलं आणि लाल रंग पसरला. करंगळीच्या नखाएवढा डाग अंगठ्याच्या नखाएवढा झाला.

"अहो!" बाई ओरडल्या.

"सुटतोय," मी म्हणालो, पण मला खात्री नव्हती. खालची घडी बदलली. तिच्यावर लाल ठसा उतरला होता. पुन्हा टेकवलं. पुन्हा घडी. बाईंनी आपणहून चादरी फाडून द्यायला सुरुवात केली. ठसे फिके होत गेले, लाल, मग गुलाबी, मग काही नाही. शेवटी ड्रायक्लीनच्या पाण्याने कडेपासून आत टिपून घेतलं, गोल वलय राहू नये म्हणून, आणि फडक्याने वारा घातला.

वाळल्यावर बाई गाऊन घेऊन खिडकीशी गेल्या. सूर्य कलला होता पण उजेड होता. त्यांनी घेर वर धरला, तिरका केला. मी पाहिलं. डाग गेला होता. त्याच्या जागी तुरीच्या डाळीएवढी गुलाबी छटा राहिली होती, माहीत असणाऱ्यालाच दिसेल अशी.

माझा हात बाटलीकडे गेला. अजून एकदा. एकदाच. मी अर्धवट काम कधी परत दिलं नव्हतं. माझं नाव होतं रस्त्यात.

"एवढंच राहिलंय," बाई म्हणाल्या. त्यांचाही मोह होता. "थोडं ब्लीच लावलं तर?"

"त्रिकोणावर फुली आहे, बाई."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा एक पट्टी वाचली होती, तीही अर्धी.

"आणि ते तेल?"

मी कापडाला बोट लावलं. त्या जागी ते बाकी गाऊनसारखंच गुळगुळीत होतं, चमक गेली नव्हती. आणखी दोनदा भिजवलं तर राहील की नाही मला सांगता येत नव्हतं. छटा गेली असती, किंवा चमक. मी बूच घट्ट लावलं. "नको," म्हणालो. हा शब्द तोंडातून काढायला मला जितकी ताकद लागली तितकी अख्खी दुपार लागली नव्हती.

शुक्रवारची रात्र मी जागाच होतो. केळतेल उशिरा काही करत असेल तर? वाळल्यावर पिवळं पडत असेल तर? मी ते पूर्वी वापरलंच नव्हतं.

शनिवारी दुकान सोडून मी चर्चच्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो. चाचाही आला, मी त्याला बोलावलं नव्हतं. गाडी आली. मुलगी उतरली, तिच्या आईने मागून घेर सावरला. मुलीचं तोंड कसं होतं ते मला आज विचारलं तर सांगता येणार नाही. मी गुडघ्याच्या वरची जागा पाहत होतो. उन्हात ती पांढरी होती, बाकी सगळ्यासारखी. ती चार पायऱ्या चढली, कापड चार वेळा हललं, फाटलं नाही, विरलं नाही. दार बंद झालं तेव्हा मी भिंतीवरचा हात काढला. दगडाचे ठसे तळहातावर उमटले होते.

"चल," चाचा म्हणाला. "दुकान खुला है."

सोमवारी शेठ परत आले. मी त्यांना सांगितलं, परदेशी कपड्याच्या पट्टीवर खूण घालायची नाही, खूण घातलेली चिंधी दोऱ्याने बांधायची. त्यांनी विचारलं, "का? तूच काढलेली युक्ती ना?"

मी म्हणालो, "मला वाचायची असते ती."

ते खरं नव्हतं अजून. पण मधल्या सुट्टीत मी चाचाशेजारी जाऊन बसलो, आणि तो एक-एक कपडा उलटून मला टिपके मोजायला लावत होता.